मामीचे मिटलेले डोळे: बर्स्टमधल्या दुसऱ्या फ्रेममधून उघडे डोळे कसे आणायचे

आजीची पंच्याहत्तरी फेब्रुवारीत झाली, सकाळी सगळे मखमलाबादच्या बाजूला मिसळ खायला गेलो होतो आणि तिथेच द्राक्षाच्या मांडवाच्या कडेला उभं करून चौदा जणांचा ग्रुप फोटो काढला. नाशिकमध्ये मिसळ आणि द्राक्षाचा मांडव हे आता एकत्रच येतं म्हणा. कॅमेरा बर्स्टवर होता, सेकंदाला साधारण पाच फ्रेम, आठ फोटो निघाले, DSC_4126 ते DSC_4133. त्यातला 4130 एकदम भारी होता, छोटं पोरगं कॅमेऱ्याकडे बघतंय, आजी मनापासून हसतेय, मामा नेहमीसारखे ताठ नाहीयेत, आणि मागच्या रांगेत डावीकडून तिसरी असलेली मामी मात्र देवासमोर उभी असल्यासारखी डोळे मिटून.

बाकीच्या सात फोटोंत मामी ठीक आहे तर दुसरं कोणीतरी गेलेलं. म्हणून 4130 ठेवायचा आणि त्यात मामीचेच डोळे दुसऱ्या फ्रेममधून आणायचे असं ठरवलं. मी हे गिम्पमध्ये केलं, फुकट आहे म्हणून, पण लेअर आणि मास्क असलेल्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये पद्धत हीच. फोटोशॉपवाल्यांना फक्त मेनूची नावं वेगळी दिसतील.

आधी एक बघून घ्या, डोळे खरंच मिटलेत का. आमच्या आजीचे डोळे हसताना नुसती रेघ होतात, भावाने मला सांगितलं आजीचे पण उघड, मी नाही म्हटलं. हसल्यावर गाल वर येतात आणि खालची पापणी वर ढकलली जाते, ते हसणंच आहे. तिथे मोठे टपोरे डोळे बसवले तर खालचं तोंड हसतंय आणि वरचे डोळे दचकलेत असं दिसतं. मिटलेला डोळा कसा ओळखायचा, तर वरची पापणी पूर्ण खाली आलेली असते आणि खालची जागच्या जागी असते.

आता डोळे कुठल्या फ्रेममधून घ्यायचे. निम्मं काम इथेच होतं आणि बहुतेक जण इथेच घाई करतात, लगेच पुढची फ्रेम उचलतात. पापणी मिटताना पटकन मिटते आणि उघडताना त्यापेक्षा सावकाश उघडते. म्हणजे मिटलेल्या फोटोच्या नंतरच्या एकदोन फ्रेममध्ये डोळा अर्धवट, जड, झोपेतून उठल्यासारखा असण्याची शक्यता जास्त. म्हणून मी आधी मागच्या फ्रेम बघतो. मामीचं असं निघालं: 4131 मध्ये अर्धे उघडे, 4132 मध्ये उघडे वाटतात पण शंभर टक्के झूम केल्यावर वरची पापणी बुबुळाच्या मध्यापर्यंत उतरलेली, 4129 मध्ये पापणीची कड फिसकटलेली, म्हणजे मिटायला सुरुवात झालेली. 4128 मध्ये व्यवस्थित उघडे, नजर कॅमेऱ्याकडे. 4133 मध्येही उघडे, छान, पण ती तेव्हा पोराकडे बघायला लागली होती.

लहान स्क्रीनवर 4132 चालून गेला असता, पण तो वापरला असता तर मामी मिसळ खाऊन सुस्तावलेली दिसली असती. फोटो मिसळीच्या आधीचा आहे हो. तर उघडा म्हणजे किती उघडा हे कळायला त्याच माणसाचा त्याच दिवसाचा दुसरा चांगला फोटो बाजूला उघडून ठेवा, काही जणांची पापणी मुळातच खाली असते आणि तेच त्यांचे खरे डोळे असतात.

फ्रेम निवडताना डोकं किती हललंय तेही मोजून घ्या, अंदाजाने नको. गिम्पमध्ये Measure नावाचं टूल आहे, Shift+M दाबलं की येतं. दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांमध्ये रेघ ओढायची, डोळा मिटला तरी कोपरे दिसतातच. ते अंतर पिक्सेलमध्ये आणि तिरकेपणा डिग्रीत सांगतं. आमच्या 4130 मध्ये अंतर 181 पिक्सेल आणि कोन 2.1 डिग्री आला, 4128 मध्ये 180 आणि 3.6. म्हणजे डोकं दीड डिग्री कललंय आणि आकार जवळपास तोच, हे जमतं. 4133 मध्ये अंतर 171 आलं. दहा पिक्सेल कुठे गेले? मामी मागे सरकली नव्हती, तिने मान वळवली होती, आणि मान वळली की कॅमेऱ्याला दोन कोपरे जवळ दिसतात. असा फोटो मोठा करून बसवला तरी बसत नाही कारण नाकाची बाजू, बुबुळाभोवतीचा पांढरा भाग, सगळंच वळलेलं असतं. कललेलं डोकं सरळ करता येतं, वळलेलं नाही. हे अंतर चारपाच टक्क्यांनी बदललं की मी ती फ्रेम सोडून देतो.

दोन्ही फोटो रॉ असतील तर डेव्हलप करताना एकाच सेटिंगने काढा, व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका, एका फ्रेमचा आकडा दुसऱ्याला जसाच्या तसा द्या. जेपेग असेल तर आहे तसं घ्या पण ओरिजिनल फाईल घ्या. मामाने मला आधी व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो पाठवला होता, त्यात मामीचा अख्खा डोळा वीसेक पिक्सेलचा, त्यातून काय काढणार. कोणाच्या मोबाईलमधला बर्स्ट असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. आणि मोबाईलच्या त्या हलत्या फोटोतून, म्हणजे फोटोसोबत दोनतीन सेकंदांचा व्हिडिओ असतो ना, त्यातून फ्रेम काढली तर ती मुख्य फोटोपेक्षा कमी रिझोल्यूशनची असते, ग्रुप फोटोत असे डोळे मऊ मऊ दिसतात आणि लगेच कळतं. बर्स्टची फ्रेम बरी ती म्हणूनच, तोच कॅमेरा, तोच आयएसओ, त्यामुळे फोटोतला रवाळपणा पण सारखा.

चला करूया. गिम्पमध्ये 4130 उघडा, मग File > Open as Layers मधून 4128 निवडा, तो वरच्या लेअरवर येऊन बसेल. वरच्या लेअरची Opacity 50 करा. आता मामीच्या चेहऱ्यावर झूम करा, दोन मामी दिसतील, एक दुसरीपासून थोडी सरकलेली. अख्खा फोटो जुळवायच्या भानगडीत पडू नका. फोटोशॉपमध्ये आपोआप लेअर जुळवायची सोय आहे पण ती अख्ख्या चित्राचा हिशोब करते, मागचे वेल, खांब, इतर तेरा माणसं, आणि मामीचं डोकं तर त्या सगळ्यांपासून स्वतंत्र हललेलं आहे. आपल्याला फक्त मामीचं डोकं जुळवायचंय, मागचे वेल कितीही सरकू देत, ते नंतर दिसणारच नाहीत.

जुळवायला खूण लागते आणि इथे टिकलीसारखी सोय नाही. गोल, बारीक, कपाळाला घट्ट चिकटलेली, आणि दोन्ही फोटोत तीच. Move टूल घ्या, म्हणजे M, आणि ढोबळमानाने सरकवून नंतर कीबोर्डच्या बाणांनी एकेक पिक्सेल सरकवत टिकलीवर टिकली आणा. मला उजवीकडे 9 आणि वर 4 पिक्सेल सरकवावं लागलं. नथ, झुमके, गजरा यांच्यावर जुळवू नका, ते लोंबतात, डोक्याबरोबर हलत नाहीत, थोडे मागून हलतात. टिकली नसेल तर नाकपुड्यांचा खालचा भाग किंवा चेहऱ्यावरचा तीळ चालतो. ओठ नको, बोलताना हसताना तेच सगळ्यात जास्त हलतात.

टिकली बसली की फिरवायचं. Rotate टूल घ्या, Shift+R, लेअरच्या मध्यात एक गोल खूण येते, तोच फिरायचा केंद्रबिंदू, तो ओढून टिकलीवर आणा. टिकलीला खिळा मारला आणि त्याभोवती डोकं फिरवलं असं समजा. कोनाच्या जागी 1.5 टाका, कलती बाजू उलटी झाली तर वजा 1.5. टिकली जागची हलत नाही, नाकाचं टोक आणि गालाच्या रेघा आपोआप जागेवर येतात. एक काळजी घ्या, फिरवणं एकदाच करा. एकेक पिक्सेल सरकवल्याने फोटो बिघडत नाही पण फिरवताना प्रत्येक पिक्सेल नव्याने काढला जातो आणि थोडा मऊ होतो, तिनदा फिरवलं तर तीनदा मऊ. कोन चुकला तर Ctrl+Z करून परत मूळ फोटोवरूनच नवा आकडा टाका, चुकलेल्यावर आणखी अर्धा डिग्री असं करू नका.

जुळलं का हे बघायला Opacity परत 100 करा आणि लेअरचा Mode बदलून Difference करा. दोन लेअरमध्ये जिथे जिथे सारखं आहे तिथे काळं दिसतं. नाक, कपाळ, केसांची सुरुवात काळी पडली पाहिजे, डोळे चमकतील कारण ते तर वेगळेच आहेत. नाकाच्या कडेला उजळ रेघ दिसली तर अजून एखादा पिक्सेल सरकवायला हवं, सरकवूनही ती जात नसेल तर आकारात फरक असू शकतो. आमच्याकडे कपाळ नाक काळं झालं पण डाव्या गालावर एक उजळ ठिपका राहिला, पैशाएवढा. मला वाटलं काहीतरी चुकलं. नंतर Mode परत Normal करून बघितलं तर 4128 मध्ये मांडवाच्या पानांतून आलेला उन्हाचा कवडसा मामीच्या गालावर पडलाय आणि 4130 मध्ये तो कवडसा गायब, वाऱ्याने पान हललं. अर्ध्या सेकंदाच्या आत. हा कवडसा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता उजेड जुळवायचा. वरचा लेअर ऑन ऑफ करत दोन्ही लेअरमधला कपाळाचा रंग Color Picker ने मोजा, O दाबून, आणि टूलच्या ऑप्शनमध्ये Sample average सुरू करा म्हणजे एकाच पिक्सेलवर भरवसा ठेवावा लागत नाही. तिथेच Sample merged पण असतं, ते चालू असेल तर दिसतंय तेच मोजलं जातं, मग लेअर लपवून उघडून मोजा. खालच्यात लाल हिरवा निळा साधारण 196, 148, 120 आले आणि वरच्यात 184, 139, 113. भागाकार केला तर तिन्हीत वरचा सुमारे 6 टक्क्यांनी कमी आहे, म्हणजे फक्त उजेड कमी, रंग तोच. असं असेल तर Colors > Curves मध्ये Value ची रेघ मधून किंचित वर उचलायची, बस. पण एकच रंग वेगळ्या प्रमाणात सरकला असेल, समजा हिरवा जास्त, तर नुसतं उजळ करून चालणार नाही, हिरव्याची रेघ वेगळी खाली आणावी लागेल. मांडवाखाली पानांमधून गाळून आलेला उजेड हिरवट असतो म्हणून हे तपासलं. फ्लॅश वापरला असेल तर आणखी एक लोचा होतो, बर्स्टमध्ये फ्लॅशला चार्ज व्हायला वेळ मिळत नाही आणि मधल्या फ्रेम काळोख्या येतात, अशी फ्रेम उजळ करून घेऊ नका, तिच्यात डोळ्यातली फ्लॅशची चमक नसते आणि शेजारच्या सगळ्यांच्या डोळ्यात असते.

मग मास्क. वरच्या लेअरवर राईट क्लिक, Add Layer Mask, त्यात Black निवडा. वरचा लेअर अख्खा नाहीसा होईल, घाबरू नका, आता पांढऱ्या ब्रशने जिथे रंगवू तेवढाच दिसेल. सगळ्यात कॉमन चूक इथेच होते, लेअरच्या यादीत फोटोचं छोटं चित्र आणि मास्कचं छोटं चित्र शेजारी शेजारी असतात, ज्याच्याभोवती पांढरी चौकट तेच निवडलेलं. चुकून फोटो निवडलेला असेल तर मास्कऐवजी फोटोवरच पांढरा रंग लागतो आणि मास्क काळा असल्यामुळे तेव्हा ते दिसतही नाही, दहा मिनिटांनी मास्क रंगवायला घेतला की मामीच्या चेहऱ्यावर चुना फासलेला निघतो.

आता मुद्द्याची गोष्ट, किती भाग घ्यायचा. फक्त डोळ्याचा बदाम कापून बसवला तर ते मुखवट्याच्या भोकातून बघितल्यासारखं दिसतं. कारण डोळा उघडतो तेव्हा एकटा उघडत नाही, वरच्या पापणीची घडी आत जाते, भुवई एखाद दोन पिक्सेल वर उचलली जाते, खालची पिशवी आणि कडेच्या सुरकुत्या बदलतात. मिटलेल्या डोळ्याभोवतीच्या सुरकुत्या आणि आत उघडा डोळा असं मिश्रण कोणालाही नीट सांगता येत नाही पण खटकतं सगळ्यांना. म्हणून भुवईसकट, बाहेरच्या सुरकुत्यांसकट, डोळ्याखालच्या पिशवीसकट घ्यायचं, आणि दोन्ही डोळे एकाच फ्रेममधून. एक डोळा मिटलेला आणि एक अर्धा असेल तरी दोन्ही बदला, नाहीतर दोन नजरा दोन दिशांना जातात.

मास्कची कड नेहमी साध्या त्वचेवर संपवा, जिथे काही रेघ नाही तिथे. कपाळाचा मधला सपाट भाग, गालाचा वरचा उंचवटा, कानशिलाच्या आधीची जागा. भुवईच्या मधून कड नेऊ नका, केसांतून नेऊ नका. मी पहिल्यांदा कपाळावर वर वर गेलो आणि मास्कची मऊ कड बरोबर टिकलीवर आली. तेव्हा टिकली अर्ध्या पिक्सेलने चुकली होती, तर टिकलीला सावली पडल्यासारखी दुसरी टिकली दिसायला लागली. एकतर टिकली पूर्ण आत घ्या नाहीतर पूर्ण बाहेर ठेवा. मी बाहेर ठेवली, दोन भुवयांच्या मधून खाली नाकाच्या दांड्यावर उतरलो.

ब्रश मऊ घ्या, Hardness 0 च्या आसपास, आकार डोळ्याच्या रुंदीपेक्षा थोडा लहान. आमच्या फोटोत डोळा साधारण 55 पिक्सेलचा, मी 40 चा ब्रश घेतला. आधी मधलं पूर्ण पांढरं भरून घ्या आणि मग कडेला ब्रशची Opacity 30 40 ठेवून विरवत न्या. मऊ कड पापण्यांच्या केसांवर किंवा बुबुळावर पडू देऊ नका, तिथे अर्धा मिटलेला आणि अर्धा उघडा डोळा एकमेकांत मिसळतो आणि धुरकट दिसतं. जास्त रंगवलं गेलं तर X दाबा, रंग उलटतो, काळ्याने परत पुसा, मास्क आहे त्यामुळे काहीच कायमचं नाही.

आणि तो कवडसा. डाव्या गालावर डोळ्याखाली मी नेहमीसारखं पिशवीच्या खालपर्यंत गेलो तर कवडशाचा वरचा तुकडा अर्धगोल होऊन फोटोत आला, उन्हाचा अर्धा रुपया. त्या बाजूला मास्क पिशवीच्या बरोबर खालच्या रेघेवर थांबवला, म्हणजे डावीकडे कमी घेतलं आणि उजवीकडे जास्त. दोन्ही बाजू सारख्या असल्याच पाहिजेत असं काही नाही, उजेड जिथे परवानगी देईल तिथपर्यंत. कवडसा डोळ्यावरच पडला असता तर मी ती फ्रेमच टाकून दिली असती आणि 4127 बघितला असता. ऊन पडलेला डोळा सावलीच्या चेहऱ्यावर बसत नाही, कितीही Curves फिरवा.

चष्मेवाल्यांचं गणित वेगळं. आमच्या काकांच्या फोटोत हे करायची वेळ एकदा आली होती. काचेवर आकाशाचं, मांडवाचं प्रतिबिंब असतं आणि डोकं एक डिग्री हललं तरी ते सरकतं, त्यामुळे काचेच्या मधोमध कड आणली की प्रतिबिंब तुटतं. तिथे अख्खा चष्मा घ्या, फ्रेमसकट, आणि कड फ्रेमच्या बाहेर त्वचेवर विरवा. फ्रेमची गालावर पडलेली बारीक सावली पण सोबत घ्यायची विसरू नका. कानाकडे जाणारी काडी मात्र मूळ फोटोतली आणि आणलेली अशा दोन्ही जुळाव्या लागतात, जिथे काडी केसांत शिरते तिथे कड संपवली तर लपतं.

सगळं झालं की तपासणी. शंभर टक्क्यांवर बघा, मग लांबून बघा, मग View > Flip & Rotate मधून आडवं उलटं करून बघा, सवय झालेली नजर उलट्या फोटोत चुका पकडते. बुबुळं शेजारच्या माणसांसारखीच कॅमेऱ्याकडे आहेत का, डोळ्यातली चमक शेजारच्यांच्या चमकेच्याच बाजूला आहे का. आणलेला भाग फिरवल्यामुळे थोडा गुळगुळीत वाटला तर Filters > Noise मधून RGB Noise अगदी किंचित टाका, फक्त त्या लेअरवर. माझ्या फोटोत दीड डिग्रीला त्याची गरज पडली नाही. सहा हजार पिक्सेल रुंदीचा फोटो बारा इंचावर छापला की मामीचा चेहरा जेमतेम दीड सेंटिमीटर होतो, तिथे एक पिक्सेलची चूक कोणाच्या बापाला दिसत नाही, तेव्हा चारशे टक्के झूम करून रात्रभर बसू नका.

सेव्ह करताना दोन फाईल ठेवा, एक XCF, लेअर आणि मास्क जिवंत असलेली, आणि एक File > Export As मधून काढलेली जेपेग. XCF ठेवल्याचा मला लगेच उपयोग झाला. फोटो मामाला दाखवला, न सांगता. त्यांनी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, सगळं मस्त आहे रे, फक्त ही जरा माझ्यावर चिडल्यासारखी का बघतेय? परत उघडून बघितलं तर उजवी भुवई मी पूर्ण घेतली होती आणि डावीच्या बाहेरच्या टोकाला मास्क अर्धवट राहिला होता, म्हणून एक भुवई वर आणि एक खाली. ब्रशचे चार फटके मारले, परत पाठवला. मामी म्हणाली, बघा, मी डोळे मिटतच नाही कधी फोटोत.